दाट, पातळ आणि चिमूटभर

एथिलीन कार्बोनेट नावाचं रसायन प्रयोगशाळेत येतं ते बाटलीतून, पण बऱ्याचदा ते ओतता येत नाही. ते वितळतं ३६ अंश सेल्सियसच्या किंचित वर. म्हणजे पुण्याच्या जानेवारीत बाटली उपडी केली तरी आतला पांढरा गठ्ठा जागचा हलत नाही, आणि वापरायचं असेल तर बाटली आधी ओव्हनमध्ये कोमट करावी लागते. त्याच्या शेजारच्या बाटलीत डायमिथिल कार्बोनेट असतं. ते पाण्यासारखं पातळ आणि पटकन उडून जाणारं. त्याचा फ्लॅश पॉइंट आहे सुमारे १७ अंश. एवढ्या तापमानालाच त्याच्यावर इतकी वाफ जमते की ठिणगी पडली तर ती पेट घेईल. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३८ अंशांच्या वर असतो. थोडक्यात, घरातल्या साध्या तापमानाला ही दुसरी बाटली रॉकेलपेक्षा जास्त धोक्याची.

मोबाइल, लॅपटॉप, विजेवरची स्कूटर, बस, यांतल्या बहुतेक बॅटऱ्यांच्या पोटात या दोन स्वभावांच्या रसायनांचं मिश्रण असतं. त्यात लिथियमचा एक क्षार विरघळवलेला असतो आणि वर दोन-चार टक्के किरकोळ वाटणारे पदार्थ. या मिश्रणाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. बॅटरीची चर्चा सहसा निकेल, कोबाल्ट, लोहफॉस्फेट अशा धन बाजूच्या पदार्थांभोवती फिरते. पण बॅटरी लेहमधल्या पहाटे का मान टाकते आणि बिघडल्यावर भडकते तरी का, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग या मिश्रणात आहे. गंमत अशी की एका प्रश्नाचं उत्तर सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं.

इलेक्ट्रोलाइटचं काम सांगायला सोपं आहे. सेलच्या एका बाजूला ग्रॅफाइटचा थर, दुसऱ्या बाजूला धातूंच्या ऑक्साइडचा किंवा फॉस्फेटचा. मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, तो या द्रवात भिजलेला. चार्ज होताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि वापरताना परत येतात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेनं जातात आणि त्यांच्याच जोरावर मोटार फिरते. द्रवानं फक्त आयनांना वाट द्यायची, इलेक्ट्रॉनांना द्यायची नाही. पाणी इथे चालत नाही. सेलचा दाब जवळपास ४ व्होल्ट असतो आणि पाणी त्याच्या निम्म्याच्याही आतच फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन सुटू लागतात. म्हणून सेंद्रिय द्रावक लागतात, आणि सेंद्रिय म्हटलं की जळणं आलंच.

मग एकच द्रावक का नाही? क्षार विरघळायचा तर त्यातला धन लिथियम आणि त्याचा ऋण जोडीदार यांना एकमेकांपासून सुटं ठेवावं लागतं. ही ताकद मोजणारा एक आकडा असतो. पाण्यासाठी तो ८०च्या आसपास, एथिलीन कार्बोनेटसाठी चक्क ९०च्या घरात आणि डायमिथिल कार्बोनेटसाठी जेमतेम ३. पण सुटे झालेले आयन धावायलाही हवेत, आणि दाट द्रवात ते धावत नाहीत. एथिलीन कार्बोनेट सुटं करतं पण पळू देत नाही. डायमिथिल कार्बोनेट पळू देतं पण एकट्यानं आयन नीट सुटे करू शकत नाही. साधारण एक भाग दाट आणि दोन-तीन भाग पातळ मिसळले की दोन्ही कामं होतात. पातळ द्रावकांत डायमिथिलचे दोन भाऊबंदही आहेत, एथिल मिथिल कार्बोनेट आणि डायएथिल कार्बोनेट. बहुतेक कारखान्यांच्या कृती या चौघांच्याच वेगवेगळ्या प्रमाणांच्या असतात.

हे एवढं सरळ असतं तर एथिलीन कार्बोनेटची गरजच पडली नसती. त्याचा सख्खा भाऊ प्रोपिलीन कार्बोनेट हाताशी होता. रेणूला एक मिथिल गट जास्त, बाकी सारं जवळपास तेच. आयन सुटे करण्याची ताकद त्याच्यातही चांगली, आणि तो उणे ४९ अंशांपर्यंत द्रव राहतो. साहजिकच १९६० आणि ७०च्या दशकांत लिथियम बॅटरीवर काम करणारे लोक त्याच्याच मागे होते. पण ग्रॅफाइटच्या जोडीला त्याला बसवलं की घोटाळा व्हायचा. लिथियमचे आयन द्रावकाचे रेणू अंगावर घेऊनच ग्रॅफाइटच्या थरांमध्ये घुसायचे, ते रेणू आत फुटायचे, वायू सुटायचा आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे निघायचे. १९७० साली हे छापूनही आलं होतं. ग्रॅफाइट लिथियम बॅटरीत चालत नाही, असाच समज मग घट्ट झाला. सोनीनं १९९१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन सेलमध्येही ग्रॅफाइट नव्हतं. तिथे पेट्रोलियम कोकपासून केलेला, कमी सुबक रचनेचा कार्बन होता. तो प्रोपिलीन कार्बोनेटला पुरून उरायचा.

समज मोडला तो कॅनडात. ब्रिटिश कोलंबियातल्या मोली एनर्जी या कंपनीनं लिथियम धातू वापरून केलेल्या बॅटऱ्या १९८९ साली जपानमध्ये मोबाइल फोनांत पेटल्या आणि परत मागवाव्या लागल्या. कंपनी अडचणीत आली. त्याच कंपनीतले रोझमेरी फाँग, उलरिक फॉन साकेन आणि जेफ डान यांनी १९९० साली दाखवून दिलं की मिश्रणात एथिलीन कार्बोनेट असेल तर ग्रॅफाइट टिकतं. पहिल्याच चार्जिंगमध्ये द्रवाचा थोडा भाग ग्रॅफाइटच्या पृष्ठावर फुटतो, पण त्यातून तयार होणारा पदार्थ तिथेच चिकटून एक पातळ कवच बनतं. जाडी काही दशक नॅनोमीटर. हे कवच आयनांना जाऊ देतं, इलेक्ट्रॉनांना अडवतं, आणि मग आणखी द्रव फुटायचा थांबतो. इस्रायलचे इमॅन्युएल पेलेड यांनी लिथियम धातूवरच्या अशाच थराला १९७९ साली ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेस’ असं नाव दिलं होतं. मराठीत कवच म्हटलं तरी काम भागतं.

थंडीत गोठणारं एथिलीन कार्बोनेट आजही प्रत्येक सेलमध्ये का, याचं उत्तर हे आहे. एका मिथिल गटाच्या फरकानं प्रोपिलीनचं कवच ढिसूळ होतं आणि एथिलीनचं घट्ट. त्यासाठी ३६ अंशांना गोठण्याचा दुर्गुण पदरात घ्यावा लागला, आणि तो झाकायला पेटणारे पातळ द्रावक आले. पुढची सगळी कथा या एका तडजोडीतून निघते.

क्षाराची गोष्ट मात्र कमी रोमांचक, पण तिच्यात एक विषारी वळण आहे. जवळपास सगळीकडे लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, म्हणजे LiPF₆, वापरलं जातं. लिटरला एक मोल, म्हणजे सुमारे १५२ ग्रॅम. याहून जास्त घातलं तर आयन वाढतात, पण द्रव दाटतो आणि फायदा संपतो. हा क्षार कुठल्याच एका गुणात पहिला येत नाही. लिथियम परक्लोरेट चांगलं विरघळतं, पण तो स्फोटकांच्या कुळातला. आर्सेनिकचा क्षार कवच छान बनवतो, पण त्यात आर्सेनिक आहे. इमाइड जातीचे क्षार उष्णता सोसतात, पण त्यातला एक प्रसिद्ध क्षार धन बाजूच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला खातो. LiPF₆ मात्र त्या पत्र्यावर फ्लोराइडचा संरक्षक थर चढवतो. सर्व विषयांत पास होणारा विद्यार्थी म्हणून त्याची निवड झाली.

त्याचा दोष म्हणजे पाणी. ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. काच खाणारा, फुफ्फुसं जाळणारा वायू. सेलच्या आत तो धन बाजूतले धातू विरघळवतो आणि ग्रॅफाइटवरच्या कवचाला भोकं पाडतो. म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी दहा लाख भागांत वीस भागांच्या आत ठेवतात आणि सेल भरण्याचं काम अशा खोल्यांत चालतं जिथली हवा उणे ४० अंशांपर्यंत थंड केली तरी दव पडणार नाही इतकी कोरडी असते. सेलच्या कारखान्याच्या वीजबिलात या खोल्या कोरड्या ठेवण्याचा वाटा मोठा असतो. बाहेर पावसाळा असला की तो आणखी वाढतो, हे कोकणात सांगायला नको.

आता चिमूटभर पदार्थांकडे. यांना अॅडिटिव्ह म्हणतात आणि खरी व्यापारी गुपितं यांच्यातच असतात. सर्वांत जुना आणि अजूनही वापरातला म्हणजे विनिलीन कार्बोनेट. प्रमाण एक-दोन टक्के. त्याची करामत अशी की पहिल्या चार्जिंगच्या वेळी ग्रॅफाइटचा दाब उतरत असताना तो एथिलीन कार्बोनेटच्या आधी फुटतो. त्यामुळे कवचाचा पाया त्याच्या साखळी-रेणूंनी रचला जातो. हा पाया लवचीक आणि उष्णतेला टिकाऊ असतो. सिलिकॉन मिसळलेल्या ग्रॅफाइटला फ्लोरोएथिलीन कार्बोनेट जास्त मानवतं, कारण सिलिकॉन चार्ज होताना फुगतं, कवच तडकतं आणि ते पुन्हा पुन्हा सांधावं लागतं.

हे कवच बसवण्याला कारखान्यात ‘फॉर्मेशन’ म्हणतात. भरलेला नवा सेल लगेच गाडीत जात नाही. तो अगदी मंद गतीनं पहिल्यांदा चार्ज होतो, कोमट खोलीत मुरतो, त्याचा दाब मोजला जातो, आणि या सगळ्यात दिवस जातात. एथिलीन कार्बोनेट फुटताना एथिलीन वायू सुटतो. पाउच प्रकारच्या सेलला म्हणून बाजूला एक रिकामा खिसा ठेवतात. वायू तिथे जमतो, मग खिसा कापून सेल पुन्हा सीलबंद करतात. या पहिल्या फेरीत साधारण पाच ते दहा टक्के लिथियम कवचात कायमचं अडकतं. गिऱ्हाइकाच्या हाती सेल पडतो तेव्हा त्यातला तेवढा भाग आधीच खर्च झालेला असतो.

चिमूट किती महत्त्वाची, हे जेफ डान यांच्याच हॅलिफॅक्समधल्या डलहौसी विद्यापीठातल्या गटानं अलीकडे वेगळ्याच वाटेनं दाखवलं. काही सेल नुसते ठेवून दिले तरी हळूहळू रिकामे होत होते. गटानं सेल तापवून उघडले तर बिनरंगी असायला हवा तो इलेक्ट्रोलाइट लालभडक झालेला. तपास करत ते पोहोचले एका क्षुल्लक वस्तूपर्यंत. आतली गुंडाळी सुटू नये म्हणून लावलेली चिकटपट्टी पॉलिएस्टरची, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकची होती. डायमिथिल कार्बोनेट फुटून तयार होणारा एक पदार्थ त्या पट्टीचे तुकडे पाडत होता. ते तुकडे द्रवात विरघळून एका बाजूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूला नेऊन पोचवत होते. तारेनं जायला हवी ती वीज आतल्या आतच वाहत होती. उपाय दोन निघाले. पट्टी पॉलिप्रोपिलीनची लावायची, किंवा विनिलीन कार्बोनेट घालायचं, कारण ते त्या उपद्रवी पदार्थाला आधीच पकडतं. लाखो सेल वर्षानुवर्षं बनवणाऱ्या उद्योगाच्या डोळ्यांसमोर ही पट्टी होती, आणि कोणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

थंडीत काय होतं ते समजायला मंगळावर जावं लागतं. नासाच्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला १९९०च्या दशकाच्या शेवटी उणे २० अंशांनाही नीट चालणारा लिथियम-आयन सेल हवा होता. मंगळावरची रात्र याच्या कितीतरी खाली जाते. हीटर लावून आणि पेटीत गुंडाळून बॅटरी उणे २०च्या वर ठेवता येणार होती, पण त्याहून ऊब द्यायला वीज परवडत नव्हती. तेव्हाचा बाजारातला माल त्या तापमानाला अर्धमेला व्हायचा.

मार्शल स्मार्ट, बी. व्ही. रत्नकुमार आणि सुब्बाराव सुरमपुडी यांनी द्रावकांच्या मिश्रणावर काम केलं आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. एथिलीन आणि डायमिथिल या जोडीचं कवच चांगलं, पण डायमिथिल कार्बोनेट स्वतःच तीन-चार अंशांना गोठतं. थंडीतल्या खोबरेल तेलासारखं मिश्रण थिजायला लागतं. एथिलीन आणि डायएथिल ही जोडी गोठत नाही, पण तिचं कवच आयनांना जास्त अडवणारं निघालं. तिघांना समसमान घेतलं तेव्हा दोन्ही गुण राहिले. शेवटची कृती अगदी साधी दिसते: एथिलीन, डायमिथिल आणि डायएथिल कार्बोनेट एकास एकास एक, त्यात लिटरला एक मोल LiPF₆. स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या दोन रोव्हरच्या बॅटऱ्या याच कृतीवर जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरल्या. ठरलेली मोहीम होती ९० मंगळदिवसांची. ऑपर्च्युनिटीचा शेवटचा संदेश आला जून २०१८ मध्ये, तोही धुळीच्या वादळानं सौर पट्ट्या झाकल्यावर.

गोठण्यापेक्षा मोठी अडचण मात्र वेगळी आहे. उणे २० अंशांना साध्या इलेक्ट्रोलाइटची वहनक्षमता खोलीतल्या तापमानाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. तेवढ्यानं सेल मेला नसता. खरी कोंडी होते ती ग्रॅफाइटच्या दारात. द्रवातून येणाऱ्या लिथियमच्या आयनाभोवती द्रावकाचे साधारण चार रेणू घट्ट धरून बसलेले असतात. आत शिरण्याआधी आयनाला हे चौघे सोडून द्यावे लागतात, आणि सोडायला ऊर्जा लागते. थंडीत ती मिळत नाही. आयन सुटं करण्यात एथिलीन कार्बोनेटची जी पकड कामाला आली, तीच इथे आड येते.

म्हणून थंडीत वापरणं आणि थंडीत चार्ज करणं यांत फरक आहे. वापरताना फक्त दाब पडतो. गाडी कमी पळते, फोन २० टक्के दाखवत असताना बंद पडतो आणि उबेत आणला की पुन्हा सुरू होतो. नुकसान फारसं नाही. चार्ज करताना मात्र बाहेरचा चार्जर आयनांना ग्रॅफाइटकडे ढकलत राहतो. भरलेलं ग्रॅफाइट आणि शुद्ध लिथियम धातू यांच्यात फरक जेमतेम एक दशांश व्होल्टचा. दारात गर्दी झाली की आयन आत जाण्याऐवजी पृष्ठावरच धातू होऊन बसतात. हा धातू राखाडी, शेवाळासारखा वाढतो. त्यातला काही तुटून निरुपयोगी होतो आणि क्षमता कायमची घटते. काही वाढत पडद्याकडे जातो, आणि पडदा ओलांडला तर सेल आतून शॉर्ट होतो. शून्याखाली चार्जिंग बंद करण्याची किंवा आधी बॅटरी तापवून घेण्याची सूचना गाडीच्या संगणकात लिहिलेली असते ती यासाठी. प्रयोगशाळेत हे ओळखण्याची एक खूण आहे. थंडीत चार्ज केलेला सेल लगेच वापरायला घेतला की दाबाचा आलेख सुरुवातीला थोडा वेळ नेहमीपेक्षा वर सपाट राहतो. तो पृष्ठावरचा धातू आधी विरघळत असतो.

थंडीवरचा सगळ्यांत परिणामकारक उपाय माहीत आहे. एथिलीन कार्बोनेट कमी करायचं आणि आणखी पातळ द्रावक घालायचे, एस्टर जातीचे. २०१८ साली मंगळावर गेलेल्या इनसाइट यानाच्या बॅटरीत मिथिल प्रोपिओनेट होतं. डान यांच्या गटानं मिथिल अॅसिटेट घालून सेल जलद चार्ज होतो हे दाखवलं. मिथिल अॅसिटेट उणे ९८ अंशांपर्यंत द्रव राहतं. त्याचा फ्लॅश पॉइंट आहे उणे १० अंशांच्या आसपास, आणि ते उकळतं ५७ अंशांना. नखांवरचा रंग काढायच्या द्रवात जी मंडळी असतात, त्यांच्याच गोतावळ्यातलं. जो रेणू थंडीत हलका आणि चपळ राहतो तो उबेत वाफ होऊन बाहेर पडायलाही तितकाच तयार असतो. मंगळावर पेट घ्यायला ऑक्सिजन नाही. पुण्यात आहे.

पुण्यात २६ मार्च २०२२ रोजी धानोरी भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेवरची एक स्कूटर पेटली. लोकांनी काढलेल्या चित्रफितीत आधी खालून पांढरा धूर येताना दिसतो आणि मग ज्वाला उसळतात. पुढच्या महिन्यात नाशिकमध्ये ट्रकमधून जाणाऱ्या अनेक स्कूटर पेटल्या. देशात इतरत्रही अशा घटना झाल्या, केंद्र सरकारनं समिती नेमली आणि बॅटरीच्या चाचण्यांचं मानक त्याच वर्षी कडक करण्यात आलं.

धूर आधी आणि ज्वाला नंतर, हा क्रम सेलच्या आत काय चाललंय ते सांगतो. इलेक्ट्रोलाइट सहसा आगीला सुरुवात करत नाही. सीलबंद सेलमध्ये हवा नसते, त्यामुळे फ्लॅश पॉइंट काहीही असो, नुसता तो पेटत नाही. सुरुवात होते शॉर्टनं, अति चार्जिंगनं किंवा बाहेरच्या उष्णतेनं. सेल ८० ते १२० अंशांच्या दरम्यान गेला की ग्रॅफाइटवरचं कवच फुटू लागतं आणि उघड्या पडलेल्या लिथियमशी द्रव भिडतो. त्यातून उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो आणि शॉर्टची व्याप्ती वाढते. आत वाफ कोंडून सेलची झडप उघडते. बाहेर पडणारा पांढरा धूर म्हणजे बराचसा द्रावकाच्या वाफेचं धुकं, सोबत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि क्षारातून आलेला हायड्रोजन फ्लोराइड. त्यानंतर २०० अंशांच्या पुढे निकेल-कोबाल्टची धन बाजू स्वतःच ऑक्सिजन सोडते. लोहफॉस्फेटची बाजू ऑक्सिजन जवळपास सोडत नाही, म्हणून ती तुलनेनं शांत. पण तिच्या सेलमध्येही हाच द्रव असतो आणि त्याचा धूरही पेटतोच.

या द्रवात किती आग आहे, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३ किलोवॉट-तासांची स्कूटरची बॅटरी घेतली, सेलचा दाब ३.६ व्होल्ट धरला, तर एकूण क्षमता होते सुमारे ८३० अँपिअर-तास. दर अँपिअर-तासाला दीड ग्रॅम इलेक्ट्रोलाइट हा सर्वसाधारण अंदाज. म्हणजे सव्वा किलो, जवळपास एक लिटर. त्यातले द्रावक पूर्ण जळले तर साधारण १६ मेगाज्यूल उष्णता निघते. बॅटरीत साठवलेली वीज आहे १०.८ मेगाज्यूल. म्हणजे वीज म्हणून जेवढं साठवलं त्याच्या दीडपट उष्णता नुसत्या द्रवात आहे, अर्ध्या लिटर पेट्रोलएवढी. बॅटरी रिकामी असली तरी हा भाग कमी होत नाही. शिवाय त्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास LiPF₆ असतो आणि त्याच्या वजनातला तीन चतुर्थांश वाटा फ्लोरिनचा. बंद पार्किंगमधल्या अशा धुरात नाकाला रुमाल लावून शिरण्याचं धाडस कुणी करू नये.

मग न पेटणारं इलेक्ट्रोलाइट का बनवत नाहीत? बनवलंय. फॉस्फेट जातीचे द्रावक आग विझवतात. त्यांचे तुकडे ज्वाळेतली साखळी-अभिक्रिया तोडतात. पण दोन-तीन टक्क्यांनी काही होत नाही, पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त लागतो. एवढं घातलं की द्रव दाटतो, थंडीत सेल गारठतो आणि ग्रॅफाइटवरचं कवच बिघडतं, जुन्या प्रोपिलीन कार्बोनेटसारखंच. टोकियो विद्यापीठातल्या अत्सुओ यामादा यांच्या गटानं २०१७ साली एक वेगळा मार्ग छापला. ट्रायमिथिल फॉस्फेटमध्ये लिथियमचा फ्लोरोसल्फोनिल इमाइड हा क्षार नेहमीच्या जवळपास पाचपट घातला. क्षार इतका की मोकळा द्रावक उरतच नाही. कवच मग द्रावकाऐवजी क्षारापासून बनतं आणि ग्रॅफाइट टिकतं. असा द्रव पेटत तर नाहीच, पेटलेलं विझवू शकतो. किंमत मात्र तशीच: क्षार हाच इलेक्ट्रोलाइटमधला महाग घटक, आणि पाचपट क्षार घातलेला द्रव मधासारखा दाट नसला तरी पडद्याच्या बारीक छिद्रांत मुरायला वेळ लावतो. तो पातळ करायला फ्लोरिनयुक्त ईथर मिसळण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांनी दाटपणा उतरतो, पण तेही स्वस्त नाहीत.

भारताच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सुटून जाते. युरोपच्या आणि उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी जुळवलेली कृती लडाख सोडला तर इथे बहुतेक ठिकाणी उलटी पडते. अकोला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात हवाच ४५ अंशांना टेकते, आणि उन्हात उभ्या गाडीतली बॅटरी त्याहून वर जाते. या तापमानाला कवच रोज थोडं थोडं जाड होत राहतं, दर वेळी थोडं लिथियम गिळतं. ६० अंशांच्या आसपास LiPF₆ हळूहळू मोडायला लागतो. पातळ एस्टर घातलेले सेल अशा उष्णतेत लवकर म्हातारे होतात. इथल्या गाड्यांना हवी आहे ती एस्टर नसलेली, डायएथिल किंवा एथिल मिथिल कार्बोनेटवर भर देणारी, विनिलीन कार्बोनेट आणि उष्णता सोसणारे गंधकयुक्त अॅडिटिव्ह थोडे सढळ हातानं घातलेली कृती. तिचं थंडीतलं वागणं थोडं कमी पडलं तरी महाबळेश्वरला चालून जाईल.

अशी कृती इथे बनवायची तर आधी माल इथे व्हायला हवा. गुजरातमध्ये दहेजच्या परिसरात LiPF₆ आणि इलेक्ट्रोलाइटचे कारखाने उभे राहत आहेत. ठाण्यात मुख्यालय असलेल्या निओजेन केमिकल्सनं २०२३ साली जपानच्या एमयू आयोनिक सोल्यूशन्सकडून इलेक्ट्रोलाइट बनवण्याचं तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. आतापर्यंत देशात जुळवले जाणारे बहुतेक सेल बाहेरून सीलबंद आले आहेत, त्यांच्यात कुठलं मिश्रण किती टक्के आहे हे गाडी बनवणाऱ्यालाही सहसा सांगितलं जात नाही. सेलच्या तांत्रिक पत्रकावर क्षमता, दाब, वजन आणि चालण्याचं तापमान छापलेलं असतं. शेवटच्या ओळीतलं चार्जिंगचं किमान तापमान शून्य आहे की उणे दहा, एवढ्यावरून जाणकार आतल्या द्रवाचा अंदाज बांधतात.